राहू दहावा की अकरावा? नवऱ्याची पत्रिका, अचानक चढती आणि न थांबणारी धावपळ

सईची_आई

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याचा जन्म नोव्हेंबर १९८८चा, साताऱ्याचा, संध्याकाळचा. चंद्र मेष राशीत, भरणी नक्षत्र. २०१० पासून तो पुण्यात एकाच कंपनीत होता. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम, वर्षाला थोडी पगारवाढ, शनिवारी सासरी नाहीतर माहेरी. आमचं बरं चाललं होतं. २०२० नंतर मात्र माणूसच बदलला. २०२१ मध्ये एका वर्षात दोन नोकऱ्या बदलल्या आणि पगार अडीचपट झाला. २०२३ मध्ये चाळीस माणसं त्याच्या हाताखाली आली. एप्रिल २०२५ मध्ये अर्ध्या तासाच्या बैठकीत ती नोकरी गेली आणि जूनमध्ये त्याहून मोठ्या पगाराची दुसरी मिळाली. आता तीही सोडून मित्राच्या धंद्यात भागीदार व्हायचं म्हणतो, आणि त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवायचा. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप पुढ्यात असतो. मी काही बोलले की म्हणतो, "आपल्याकडे अजून आहेच काय?"

साताऱ्याच्या गुरुजींनी लहानपणी हाताने केलेल्या पत्रिकेत वेळ ५:१५ आहे. त्यात मेष लग्न आणि राहू अकरावा. ते म्हणाले, लाभातला राहू आहे, अडवू नका. पुण्यात सासूबाईंनी सांगितलेल्या वेळेवर, म्हणजे ५:४० वर, पत्रिका काढली तर वृषभ लग्न आणि राहू दहावा आला. ते ज्योतिषी म्हणाले, राहूत शनी, म्हणजे राहूच्या महादशेत शनीची अंतर्दशा चालू आहे, कर्ज काढू नका. यातलं कुणाचं ऐकू?

गोमेदवाले

ताई, घाबरायचं काहीच कारण नाही. राहू दहावा असो की अकरावा, दोन्ही राजयोगच. तीन, सहा, दहा, अकरा या उपचय स्थानांत पापग्रह चांगली फळं देतात हे शास्त्रवचन आहे. राहू माणसाला रंकाचा राव करतो. चांगल्या प्रतीचा गोमेद मधल्या बोटात घालायला सांगा, शनिवारी.

मंगळवेढेकर

माझाही राहू अकरावाच आहे, म्हणून लिहितो. जन्म १९८३चा, सिंह लग्न, मिथुनेत राहू. लहानपणापासून ऐकत आलो की हा मुलगा मोठा होणार, पैशात लोळणार. आज बेचाळीस पूर्ण झाली. सहकारी पतसंस्थेत एकोणीस वर्षं एकाच शाखेत आहे, झोप उत्तम, महत्त्वाकांक्षा म्हणाल तर शेतात बोअरला पाणी लागावं एवढीच. रंकाचा राव झालो नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मग माझ्या राहूचं काय झालं, हे कुणीतरी सांगावं.

दशमेश

मंगळवेढेकर, तुमचं जन्मनक्षत्र कोणतं?

मंगळवेढेकर

विशाखा.

दशमेश

मग उत्तर तिथेच आहे. विशाखा गुरूचं नक्षत्र, म्हणजे तुमची सुरुवात गुरूच्या महादशेत झाली. त्यानंतर शनी, बुध, केतू, शुक्र, रवी, चंद्र, मंगळ आणि मग राहू. गुरूची उरलेली वर्षं सोडली तरी मधल्या सात ग्रहांची मिळून ८६ वर्षं होतात. राहूची महादशा बघायला तुम्हाला नव्वदी गाठावी लागेल. राहू घरात बसलाय, पण त्याची पाळी आलेली नाही. मधल्या दशांमध्ये राहूच्या अंतर्दशा मात्र येतात, प्रत्येकी एक ते तीन वर्षांच्या. त्या काळात काही हललं का ते आठवून बघा.

सईची आई, तुमच्या घरी नेमकं उलट झालंय. भरणी शुक्राचं नक्षत्र. चंद्राचे अंश मी काढले, मेषेत २१च्या आसपास येतात. म्हणजे जन्मतः शुक्राची आठेक वर्षं शिल्लक, पुढे रवी ६, चंद्र १०, मंगळ ७. बेरीज केली की राहूची १८ वर्षं २०१९च्या अखेरीस सुरू होतात. 'माणूसच बदलला' असं तुम्ही ज्या काळाबद्दल लिहिलंत तो हाच. म्हणून राहू कितवा हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवेन. त्याआधी राहूचा मालक कुठे आहे ते बघायला हवं.

वैदेही_ठाणे

मला एक विचारायचंय, जमल्यास सांगा. नवीन नोकरीचा पहिला दिवस सोमवारी आहे आणि हजर व्हायची वेळ साडेआठची, नेमकी राहूकाळात. अर्धा तास आधी जाऊन बसले तर चालेल का?

दशमेश

वैदेही, राहूकाळ हा वारावरून ठरणारा रोजचा दीड तास. पत्रिकेतल्या राहूशी त्याचा संबंध नाही. मन शांत राहत असेल तर लवकर जा, पहिल्या दिवशी लवकर पोचणं तसंही बरं.

आता मालकाबद्दल. राहूला स्वतःची रास नाही, तो नुसता छेदनबिंदू आहे. ज्या राशीत बसतो तिचा स्वामी आणि ज्या नक्षत्रात बसतो त्याचा स्वामी, या दोघांच्या हातून तो काम करतो. ताईंच्या यजमानांचा राहू कुंभेत १६ अंशांवर, शततारका नक्षत्रात आहे. शततारका राहूचंच नक्षत्र, त्यामुळे नक्षत्रस्वामी वेगळा उरत नाही आणि सगळा भार कुंभेच्या स्वामीवर, शनीवर, येतो. शनी धनू राशीत ७ अंशांवर आहे.

इथे ती पंचवीस मिनिटं महत्त्वाची ठरतात. मेष लग्न धरलं तर शनी दहाव्याचा आणि अकराव्याचा स्वामी होऊन नवव्यात, भाग्यात, बसतो. वृषभ लग्न धरलं तर तोच शनी नवव्या-दहाव्याचा स्वामी, म्हणजे योगकारक, पण आठव्यात. पहिल्या पत्रिकेत राहूला आधार आहे. दुसरीत चढणं तितकंच जोरात, पण पायाखालची पायरी मधेच निखळते. तुम्हाला दोन ज्योतिषांनी दोन सल्ले दिले त्याचं मूळ इथे आहे. राहू दहावा की अकरावा यात ते नाही.

शेफील्डची_मावशी

मी चाळीसहून जास्त वर्षं इंग्लंडात राहते. राहू दहावा म्हटलं की मला एकच पत्रिका आठवते, मार्गारेट थॅचर यांची. आमच्या शेजारचं घर खाणकामगाराचं होतं. १९८४-८५च्या संपात वर्षभर त्या घरात पगार आला नाही, आम्ही डाळभात नेऊन द्यायचो. त्या बाईंवर प्रेम करणारी आणि त्यांचं नाव काढताच उठून जाणारी, अशी दोन्ही माणसं मी एकाच रस्त्यावर पाहिली आहेत. पत्रिका मात्र अभ्यासण्यासारखी आहे. दशमेश, तुम्ही मांडाल का? माझं गणित कच्चं आहे.

दशमेश

मावशी, बरं आठवण करून दिलीत. ही पत्रिका मी बऱ्याचदा घेऊन बसलो आहे.

जन्म १३ ऑक्टोबर १९२५, ग्रँथम, सकाळी ९. तूळ लग्न २२ अंश. लग्नालगत उच्चीचा शनी, तूळ लग्नाला चतुर्थ-पंचमाचा स्वामी म्हणून योगकारक. दशमात कर्क राशीत राहू, सात-आठ अंशांवर, म्हणजे पुष्य नक्षत्रात, आणि पुष्याचा स्वामी परत शनीच. कर्केचा स्वामी चंद्र अकराव्यात, सिंहेत, मघा नक्षत्रात. राहूचे दोन्ही मालक बघा. एक लग्नात उच्चीचा, दुसरा दशमेश होऊन लाभात.

आता दशा. मघा केतूचं नक्षत्र, त्याची चार वर्षं शिल्लक. पुढे शुक्र, रवी, चंद्र, मंगळ यांची ४३ वर्षं. किराणा दुकानदाराची मुलगी रसायनशास्त्र शिकते, मग वकील होते, १९५९ मध्ये खासदार होते आणि १९७० मध्ये शिक्षणमंत्री. ही सगळी चढण पायरीपायरीची आहे, राहूच्या आधीची. राहूची महादशा सप्टेंबर १९७२ च्या सुमारास सुरू होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये, राहूतल्या राहूतच, आपल्याच पक्षाच्या माजी पंतप्रधानाला हरवून त्या पक्षनेत्या झाल्या. ४ मे १९७९ रोजी पंतप्रधान झाल्या तेव्हा राहूत शनी चालू होता. १९८२चं फॉकलंडचं युद्ध राहूत बुध असताना झालं, मावशींनी सांगितलेला संप आणि ब्रायटनच्या हॉटेलातला बॉम्बस्फोट राहूत शुक्र असताना. त्या चारेक तास झोपत, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

राहूची १८ वर्षं संपतात सप्टेंबर १९९० च्या आसपास. २० नोव्हेंबरला पक्षांतर्गत मतदानात त्यांना २०४ मतं पडली, प्रतिस्पर्ध्याला १५२. जास्त मतं मिळूनही नियमानुसार लागणाऱ्या फरकाला चार कमी पडली. २२ला राजीनामा जाहीर झाला, २८ला घर सोडलं. त्या दिवसांत गोचरीचा केतू कर्केत सात अंशांवर, म्हणजे थेट जन्मराहूवर होता. आणि गोचरीचा गुरू? तोही कर्केतच, उच्चीचा, दशमात. नुसता गुरू बघणाऱ्याने 'पद टिकेल' असंच सांगितलं असतं. पण तूळ लग्नाला गुरू तिसऱ्या-सहाव्याचा स्वामी, आणि महादशाही नुकतीच त्याची लागली होती.

गोमेदवाले

बघा, मी म्हणालो तेच झालं. राहू दशमात म्हणजे सत्ता.

दशमेश

नाही हो. राहू दहाव्यात किंवा अकराव्यात असणारा माणूस सहांत एक सापडतो, बारा घरांतली दोन. सहांतला एक सत्तेवर जात नाही. बाईंना राहूने वर नेलं असं म्हणायचं तर पुष्य, शनी आणि वेळेवर आलेली महादशा या तिन्ही गोष्टी धराव्या लागतात. आणि गोमेदाबद्दल विचारलंत तर ज्याला रात्री दोनला झोप येत नाही त्याच्या राहूला आणखी बळ द्यायचं कशासाठी, हे मला समजत नाही.

भावारंभ

मी कृष्णमूर्ती पद्धतीने बघतो. दशमेश, एक हरकत आहे आणि ती महत्त्वाची आहे. थॅचरबाईंचा दशम भाव सिंहेत ११ अंशांवर आहे. ग्रँथम ५३ अक्षांशावर, तिथे भाव खूप लहानमोठे होतात. राहू कर्केत ८ अंशांवर, म्हणजे दशमारंभाच्या कितीतरी आधी. आमच्या हिशेबाने तो दशमात येतच नाही.

दशमेश

बरोबर आहे. मी जुन्या पद्धतीचं चलित मांडतो, भावमध्य धरून. त्यातही दशमाची सुरुवात कर्केच्या २३ अंशांवर होते आणि राहू नवमात जातो. दशमात येतो तो चंद्र. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मंगळवेढेकर

म्हणजे एवढा वेळ जी दहाव्या राहूची पत्रिका म्हणून वाचली, ती नवव्या राहूची?

दशमेश

राशीकुंडलीत दहावा, चलितात नववा. म्हणूनच मी घरापेक्षा मालकांवर भर देतो. चलितात राहू सरकला तरी तो कर्केतच राहतो आणि पुष्यातच राहतो. चंद्र आणि शनी बदलत नाहीत, दशेच्या तारखाही बदलत नाहीत. ज्या आधारावर मी ही पत्रिका वाचली तो शाबूत आहे. पण 'दशमातल्या राहूने पंतप्रधान केलं' हे वाक्य मात्र मला मागे घ्यावं लागेल, ते खरं.

भावारंभ

मला हे पटलं नाही. मालक बदलत नाहीत, मान्य. पण मग घराचं काम काय उरलं? राहू नवव्यात असता आणि हेच घडलं असतं तर तुम्ही नवव्यावरूनही समजावलं असतं. आधी माहीत असलेल्या आयुष्यावर पत्रिका बसवणं सोपं असतं.

दशमेश

हा आक्षेप मी खोडू शकत नाही. त्याची एकच कसोटी मला ठाऊक आहे. वेळ नक्की नसलेल्या पत्रिकेत घटना विचारायच्या आणि कोणतं लग्न त्या घटनांना बसतं ते बघायचं. सईची आई, लग्नाची तारीख सांगाल? आणि आणखी एक. यजमान बोलतात तेव्हा पदाबद्दल बोलतात की पैशाबद्दल? दहाव्यातला राहू 'मला लोकांनी ओळखावं' म्हणतो. अकराव्याला ओळखी लागतात आणि आकडा लागतो, आणि तो आकडा पुरा झाला की पुढचा दिसतो. माझा अनुभव असा की अकराव्याची अस्वस्थता जास्त चिवट असते. पद मिळालं की निदान काही दिवस माणूस त्यावर टेकतो. लाभाला टेकायला जागाच नसते.

सईची_आई

लग्न फेब्रुवारी २०१५. आणि दादा, तो फक्त आकडाच बोलतो. मित्रांच्या फ्लॅटच्या किमती त्याला पाठ आहेत. कंपनीत त्याच्या पदाचं नाव काय हे मला अजूनही नीट सांगता येत नाही, कारण ते त्याने कधी सांगितलंच नाही. चाळीस माणसांचा प्रमुख झाला ते मला त्याच्या मित्राच्या बायकोकडून कळलं.

दशमेश

फेब्रुवारी २०१५ ला मंगळाच्या महादशेत गुरूची अंतर्दशा चालू होती. वृषभ लग्न धरलं तर मंगळ सप्तमेश, मीनेत म्हणजे लाभात, आणि गुरू वृषभेत लग्नी बसून सप्तमावर दृष्टी टाकतो. विवाहाला याहून सरळ उत्तर क्वचितच मिळतं. मेष लग्न धरलं तर मंगळ लग्नेश पण बाराव्यात, आणि गुरू दुसऱ्यात, कुटुंबस्थानात. तेही जमतं, पण ओढूनताणून.

दुसरी घटना एप्रिल २०२५. राहूत शनी जानेवारी २०२५ पासून, आणि तीन महिन्यांत नोकरी अचानक गेली. भाग्यातल्या शनीचं हे काम वाटत नाही, अष्टमातल्याचं वाटतं. माझा कल सासूबाईंच्या वेळेकडे आहे.

आता गंमत नाही, खरंच बघण्यासारखी गोष्ट. वृषभ लग्नाला राशीकुंडलीत राहू दहावा. पण चलित मांडलं तर दशम-लाभाची संधी कुंभेत ९ अंशांवर येते आणि राहू १६वर आहे, म्हणजे तो अकराव्यात जातो. ताई सांगतात तो आकड्यांचा ध्यास त्याला धरून आहे. साताऱ्याच्या गुरुजींची वेळ कदाचित चुकली असेल, राहू अकरावा हे मात्र दोन्ही वेळांना चलितात खरं ठरतं.

भावारंभ

आणि आमच्या पद्धतीत भाव आरंभापासून मोजला तर ५:४०ला अकराव्याचा आरंभ राहूच्या पुढे जातो, म्हणजे राहू दहाव्यातच राहतो. मघाशी थॅचरबाईंच्या पत्रिकेत चलित गैरसोयीचं झालं तेव्हा तुम्ही मालकांकडे गेलात. इथे सोयीचं झालं तर चलित घेतलंत. ताई, हा आमचा जुना वाद आहे, तुम्ही यात अडकू नका.

दशमेश

टोचलं, पण रास्त आहे. यजमानांच्या बाबतीतही मी घराला दुय्यमच मानतो. निर्णय शनीवर करतो आणि तो आठव्यात आहे.

रेवा_नाशिक

सगळे राहूमागे लागला आहात, पण मेष राशीला २९ मार्च २०२५ पासून साडेसाती लागली आहे! शनी मीनेत आला आणि पंधरा दिवसांत नोकरी गेली. माझ्या भावाचीही मेष रास आहे, त्याचंही तेव्हापासून पोट बिघडलंय, बदली झाली, वहिनीशी वाद. राहूला कशाला दोष द्यायचा?

दशमेश

साडेसाती आहे, मान्य. पण ती देशातल्या प्रत्येक मेष राशीच्या माणसाला लागली आणि सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. २०२१ची अडीचपट पगारवाढ तर साडेसातीच्या बऱ्याच आधीची. तिचं उत्तर साडेसाती देत नाही.

मिहीर_बंगळुरू

मी याच क्षेत्रात आहे, ज्योतिष शिकतो आहे पण अजून कच्चा. २०२१ मध्ये आमच्याकडे जो नोकरी बदलेल त्याचा पगार वाढत होता, कारण कंपन्यांना माणसं मिळत नव्हती. नंतर त्याच कंपन्यांनी माणसं कमी केली. माझ्या गटातल्या अकरा जणांपैकी आठ जणांची कहाणी ताईंच्या यजमानांसारखीच आहे, आणि त्या आठही जणांना राहूची महादशा असणार नाही. म्हणून एप्रिल २०२५ची घटना वेळ ठरवायला वापरू नये असं मला वाटतं. लग्नाची तारीख ठीक आहे, ती बाजारावर अवलंबून नाही.

दशमेश

मिहीर, चांगला मुद्दा मांडलास. नोकरी जाण्याला मी निम्मंच वजन देतो मग. ताई, एखादी अगदी घरची घटना असेल तर सांगा. अपघात, शस्त्रक्रिया, वडिलांचं काही.

बाजाराने पगार वाढवला, झोप कुणी घेतली हा प्रश्न मात्र उरतो. त्या आठ जणांतले किती जण घर तारण ठेवायला निघालेत?

मिहीर_बंगळुरू

एक. आणि त्याची पत्रिका मी पाहिलेली नाही. आज विचारतो.

शेफील्डची_मावशी

सईच्या आई, मी पत्रिकेबाहेरचं दोन शब्द बोलते, राग मानू नका. भागीदारीचा करार लेखी आहे का? नुकसान झालं तर मित्र किती भरणार आणि तुमचा फ्लॅट किती, हे त्यात आकड्यांत असायला हवं. आणि फ्लॅटवर तुमचं नाव असेल तर तुमच्या सहीशिवाय बँक पुढे जाणार नाही. तुमची सही हा तुमचा अधिकार आहे, तो विचारपूर्वक वापरा.

सईची_आई

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, मावशी. करार अजून तोंडीच आहे.

दशमेश दादा, हा राहूतला शनी कधी संपतो? आणि तोवर हे असंच राहणार का?

दशमेश

नोव्हेंबर २०२७च्या सुमारास. जन्मवेळ वीस मिनिटं सरकली की ही तारीख तीनेक महिने सरकते, म्हणून महिन्यावर जाऊ नका. त्यात भर म्हणजे गोचरीचा राहू सध्या कुंभेतच आहे आणि या दोनेक महिन्यांत जन्मराहूच्या अंशांवर येतो. साडेअठरा वर्षांनी तो आपल्या जागी परततो, यजमानांच्या आयुष्यात ही दुसरी वेळ. पहिली १८-१९व्या वर्षी झाली असेल, २००७च्या मध्यात. तेव्हा काय चाललं होतं ते विचारा. मी पुष्कळदा पाहिलंय की ओढ तीच असते, वय बदललेलं असतं.

डिसेंबर २०२६ला राहू कुंभ सोडतो. माझ्या हातात असतं तर घर तारण ठेवण्याचा विषय मी तोवर लांबणीवर टाकला असता. नोकरी चालू ठेवून, तारण न ठेवता, संध्याकाळी मित्राच्या कामात हात घालून बघायला माझी ना नाही. राहूला पूर्ण कोंडलं तर तो दुसऱ्या वाटेने निघतो. आणि झोपेसाठी डॉक्टरांकडे जा. रात्री दोनला जागा असणारा माणूस कोणत्याही दशेत चांगला निर्णय घेत नाही.

मंगळवेढेकर

दशमेश, तुम्ही म्हणालात ते बसून आठवलं. शनीत राहू चालू होता तेव्हा मी एकदाच, आयुष्यात एकदाच, नोकरी सोडून मुंबईला निघालो होतो. सोलापूरला गाडीत बसलो आणि कुर्डुवाडीला उतरून परत आलो. का उतरलो ते आजतागायत सांगता येत नाही.

दशमेश

तुमचा राहू मिथुनेत, म्हणजे मालक बुध. बुध कुठे आहे?

मंगळवेढेकर

मकरेत, सहाव्यात, वक्री.

सईची_आई

उशीर झाला लिहायला. दोन गोष्टी कळल्या.

२००७ला तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. तेव्हा मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढायचं म्हणून त्याने आईच्या पाटल्या मागितल्या होत्या. सासूबाईंनी दिल्या नाहीत. हे मला आजच कळलं, तेही सासूबाईंकडून. सांगताना त्या रडल्या, म्हणाल्या अजून त्याने मनात ठेवलंय.

दुसरं, नणंदेने साताऱ्याच्या दवाखान्यातून जुनी नोंद काढून आणली. शाई पुसट आहे, पण वेळ वाचता येते. सायंकाळी ५:३०.

भावारंभ

ताई, मी काढून बघितलं. साडेपाचला साताऱ्यात मेष लग्न संपून वृषभ नुकतं सुरू होतं, एखाद-दोन मिनिटांचाच फरक. आणि दवाखान्यात कुणी मिनिट बघून लिहीत नाही, जवळचा अर्धा तास लिहितात.

दशमेश

पाटल्यांची गोष्ट नेमकी कोणत्या महिन्यातली, हे सासूबाईंना आठवतं का विचारा. तेव्हा चंद्राची महादशा चालू होती. अंतर्दशा धरली की मेष की वृषभ, दोन्ही लग्नं त्यावर घासून बघता येतील.

सईची_आई

विचारते. आखाडात, एवढं म्हणाल्या आहेत.